पन्नास वजा एकोणपन्नास, उत्तर एकोणीस

पाचवीतल्या एका मुलीची गणिताची वही उदाहरणादाखल समोर धरू. पानावर ५०४ भागिले ७ आहे. सात सत्ते एकोणपन्नास तिला पाठ आहे, म्हणून तिने ५० च्या खाली ४९ लिहिले, भागाकारात ७ मांडले आणि वजाबाकी केली. आले १९. मग ४ खाली उतरवले, १९४ झाले आणि तिथेच गाडी अडली, कारण साताच्या पाढ्यात १९४ कुठेच सापडेना. शाळेत त्या उदाहरणावर लाल फुली पडली. घरी सगळ्यांचं मत झालं की हिला भागाकार येत नाही. शिकवणीच्या ताईंना आईने तेच सांगितलं, ‘‘पाढे तोंडपाठ आहेत हो तिचे, फक्त भागाकार पक्का करून घ्या.’’

आता त्या पानाकडे पुन्हा पाहा. सात किती वेळा घ्यायचे, गुणाकार कुठे लिहायचा, पुढचा अंक कधी उतरवायचा, भागाकाराच्या या सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. चुकली आहे ती मधली वजाबाकी. शून्यातून नऊ जाईनात, म्हणून तिने नवातून शून्य काढलं आणि नऊ लिहिले. पाचातून चार गेले, राहिला एक. म्हणजे पाचवीच्या पानावर दिसणारी ही चूक दुसरी-तिसरीतल्या हातच्याच्या वजाबाकीची आहे. ताईंनी आईचं म्हणणं प्रमाण मानून भागाकाराची वीस उदाहरणं घातली असती, तर मुलीने वीस वेळा हीच चुकीची वजाबाकी घोटली असती.

म्हणून अशा मुलांच्या पहिल्या तासात पाठ्यपुस्तक बंद ठेवलेलं बरं. सुरुवात एका छोट्या निदान-कामाने करावी. कोऱ्या कागदावर पाच वजाबाक्या, घड्याळ लावायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, चूक दिसली तरी चेहऱ्यावर दाखवायची नाही. शेवटची गोष्ट वाटते त्याहून अवघड आहे. मागे पडलेली मुलं अंक लिहिता लिहिता मोठ्यांच्या भुवया वाचत असतात.

या पाच वजाबाक्या कोणत्या, यावर मात्र सगळं अवलंबून आहे. हाताला येईल ते उदाहरण घातलं की काय होतं ते पाहा. ५२ मधून २७ वजा करायला दिले आणि मुलीने ३५ लिहिले. खरं उत्तर २५. चूक कळली, पण कारण? एक शक्यता अशी की तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दुसरी शक्यता अशी की तिने हातचा घेतला, बारातून सात काढून पाच लिहिले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरली. तिथेही उत्तर ३५ च. पहिल्या मुलीला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही. दुसरीला ते ठाऊक आहे, फक्त तिची नोंद अर्धवट राहते. दोघींना शिकवायचं वेगळं आहे आणि हे उदाहरण दोघींत फरकच करत नाही. एककाच्या अंकांत पाचाचा फरक असला की हा गोंधळ होणारच. त्याऐवजी ५२ वजा २८ द्यावं. पहिली मुलगी ३६ लिहील, दुसरी ३४, आणि जिला येतं ती २४. उत्तर पाहताच कारणाचा अंदाज येतो.

याच हिशेबाने ताईंचा कागद तयार होतो: ६८ वजा २५, ५२ वजा २८, ७० वजा ३४, ८३ वजा ५७ आणि ३०४ वजा १५८. पहिल्यात हातचा नाही. मांडणी आणि साधी वजाबाकी येते का, ते त्यात कळतं. तिसऱ्यात वर शून्य आहे, कारण ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्यच’ असं मानणारी मुलं वेगळी ओळखू यायला हवीत. ती ४० लिहितात. पाचव्यात मधल्या घरात शून्य आहे. आपल्या मुलीने अनुक्रमे ४३, ३६, ४४, ३४ आणि २५४ लिहिले. पाचपैकी एक बरोबर, म्हणजे शाळेच्या भाषेत नापास. पण ही उत्तरं ओळीने वाचली तर ती अत्यंत शिस्तशीर आहेत. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान, एकदाही अपवाद नाही.

चुकांमधली ही शिस्त १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी बारकाईने मांडली. निकाराग्वातल्या तेराशेहून अधिक मुलांच्या वजाबाक्या त्यांनी तपासल्या. अनेक मुलांच्या चुका वेंधळेपणातून आलेल्या नव्हत्या. ती एखादा चुकीचा नियम इमानाने पाळत होती. त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणकावरचा खेळही बनवला होता. त्यात संगणक चुकीच्या नियमाने वजाबाकी करणाऱ्या मुलाची भूमिका घ्यायचा आणि शिक्षक होऊ घातलेल्यांनी नवनवी उदाहरणं घालून तो नियम हुडकायचा. खेळणाऱ्यांना वाटायचं, दोन उदाहरणांत ओळखलं. तिसऱ्या उदाहरणाला अंदाज कोसळायचा. शिकवणीतही म्हणूनच एका चुकीवर निदान करू नये. तीच चूक निदान तीनदा दिसली तर तो नियम. एकदाच दिसली तर बहुधा नजरचूक.

आपल्याकडे ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणातली गणिताची चाचणी अनेकांच्या परिचयाची आहे. तिच्यातही हातच्याच्या दोन वजाबाक्या असतात. त्या जमल्या तर भागाकार, नाही तर अंकओळखीकडे मागे. मूल कोणत्या पायरीवर उभं आहे, हे ती काही मिनिटांत सांगते आणि ते तिचं कामच आहे. मूल त्या पायरीवर का अडलं, हे शोधणं शिकवणाऱ्याकडे उरतं.

कागद हातात आल्यावर ताई पेन्सिल खाली ठेवतात आणि पहिल्या, बरोबर आलेल्या वजाबाकीपासून विचारतात, ‘‘हे कसं केलंस, मला सांग बरं.’’ बरोबर उत्तराबद्दलही विचारायचं, कारण फक्त चुकीच्या उत्तराबद्दल विचारलं तर तो प्रश्न ऐकूनच मूल ओळखतं आणि खोडरबर शोधू लागतं. ५२ वजा २८ पाशी मुलगी सांगते, ‘‘मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना.’’ हे वाक्य तिने मनाने रचलेलं नाही. पहिलीत कुणीतरी ते सांगितलेलं असतं आणि पूर्ण संख्यांपुरतं ते तेव्हा बरोबरही होतं. तिने ते एकेका अंकाला लावलं. बेरजेत वरचा अंक आधी घेतला काय नि खालचा काय, उत्तर तेच येतं, त्यामुळे वजाबाकीतही चालत असेल असं वाटणं स्वाभाविक आहे.

आणखी एक खात्री करायची, ती मिनिटभराची. ताई पाच-सहा संख्या बोलतात आणि ती लिहिते: बावन्न, पंचवीस, अडतीस, त्र्याऐंशी. मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो दशक आधी, त्यामुळे काही मुलं बावन्न ऐकून २५ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘पन्नास दोन’ असं संख्यावाचन आलं आणि त्यावरून मोठा वाद झाला, तो याच अडचणीमुळे. आपल्या मुलीने सगळ्या संख्या नीट लिहिल्या. लिहिल्या नसत्या तर वजाबाकी बाजूला ठेवून तास तिथूनच सुरू करावा लागला असता.

इथवर वीस मिनिटं गेली. उरलेल्या चाळीस मिनिटांसाठी लक्ष्य एकच: दोन अंकी संख्येतला एक दशक सुटा करणं. ३०४ ला आज हात लावायचा नाही.

साधन म्हणून पुष्कळ जण दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी काढतात. त्यात एक गंमत होते. ५२ रुपयांतून २८ द्यायला सांगितलं की बाजारात जाणारं मूल सरळ तीन नोटा पुढे करतं आणि म्हणतं, ‘‘दोन रुपये परत द्या.’’ उत्तर बरोबर, डोकंही तल्लख, पण दशक सुटा करायची वेळच आली नाही. ही युक्ती तोंडी गणितासाठी टिपून ठेवावी आणि आज आइस्क्रीमच्या काड्या घ्याव्यात, दहा-दहाच्या जुड्या रबरबँड लावून. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. यातून अठ्ठावीस काढून दे. आठ सुट्या द्यायच्या, हातात दोनच. मुलगी थांबते, मग एका जुडीचं रबर काढते. त्याच क्षणी कागदावर ५ खोडून ४ लिहायचे आणि २ च्या जागी १२. काड्यांचं काम संपल्यावर ‘आता हे लिहू’ म्हटलं तर दोन्ही गोष्टी वेगळ्याच राहतात. मूल काड्यांनी बरोबर आणि कागदावर चूक, असं खुशाल करतं. राहिल्या दोन जुड्या आणि चार काड्या, २४. मग तिचं जुनं उत्तर समोर ठेवायचं: ३६ आणि २८ मिळव पाहू. चौसष्ट येतात, काड्या तर बावन्नच होत्या. ही विसंगती तिची तिलाच सापडू द्यावी.

अशी तीन-चार उदाहरणं झाली की काड्या रुमालाखाली झाकायच्या. आता तिने न पाहता सांगायचं की आत काय होईल. प्रत्येक उदाहरणाआधी एकच प्रश्न, ‘‘सुट्या पुरतील का?’’ यात ८५ वजा ४२ सारखी, जिथे सुट्या पुरतात अशी उदाहरणं मुद्दाम मिसळावी लागतात. नाहीतर नव्याने शिकलेलं मूल दिसेल तिथे दशक सोडत सुटतं आणि जुन्या चुकीच्या जागी नवी चूक रुजते.

शेवटची आठ मिनिटं पुन्हा काड्यांविना, मदतीविना: ६१ वजा ३४, ८५ वजा ४२, ४० वजा १७. तिन्ही बरोबर आली तर ताई वहीत तारीख घालून उत्तरं जशीच्या तशी उतरवतात. ‘३ पैकी ३’ एवढ्या नोंदीतून पुढे काही कळत नाही. ४० वजा १७ ला ३७ आले, तर जुना नियम शून्यापाशी अजून जिवंत आहे. ३३ आले, तर दशक सोडला पण कमी केला नाही, म्हणजे प्रगती झाली आहे आणि पुढचा तास नोंदीवर द्यायचा.

एका तासात बसलेलं दोन दिवसांनी उडालेलं असतं, हेही गृहीत धरावं लागतं, कारण दोन-तीन वर्षं पाळलेला नियम घाईच्या वेळी आधी आठवतो. म्हणून दुसऱ्या बैठकीची सुरुवात नव्या अंकांच्या दोन वजाबाक्यांनी होते. त्या जमल्या की शंभराची जुडी आणायची आणि ३०४ घ्यायचे. तिथे मधल्या शून्यावरून उडी मारून शतकातूनच दोनदा उसनं घेणारी मुलं ५६ लिहितात, हे ताईंना आधी ठाऊक असलं की त्या कागदावर नेमकं कुठे पाहायचं ते जाणतात. काही आठवडे असं काम होऊनही जुडीत दहा काड्या आहेत हे मूल दर वेळी मोजूनच पाहत असेल, तर ते शाळेला आणि पालकांना सांगून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते; शिकवणीच्या पाच उदाहरणांवरून मुलाला कसलंही नाव चिकटवता येत नाही. आईला मात्र पहिल्याच दिवशी तो कागद दाखवून सांगायचं, की पुढचे दोन आठवडे पाचवीच्या वहीत तिसरीच्या वजाबाक्या दिसतील आणि भागाकाराची उदाहरणं तिसऱ्या आठवड्यात सुरू होतील.