दुखणं कधी सुरू झालं, कशाने थांबतं?

ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत अस्थिरोगतज्ज्ञ बाईंनी सुरुवातीलाच एक विनंती केली. "दुखणं किती आहे, ते मला नंतर सांगा. आधी सांगा की ते कधी सुरू झालं, कशाने वाढतं आणि कशाने थांबतं." पुढचा तासभर त्या याच तीन प्रश्नांवर बोलत होत्या. वयाचं दुखणं आणि आजाराचं दुखणं यांतला फरक बहुतेक वेळा याच उत्तरांतून कळतो. दुखण्याच्या तीव्रतेवरून तो कळेलच असं नाही.

आधी गुडघ्याचं घेऊ, कारण हात वर करायला सांगितल्यावर अर्ध्याहून अधिक हात गुडघ्यासाठीच वर आले. वयाने झिजलेल्या गुडघ्याची एक ठरावीक चाल असते. तो कधी दुखायला लागला हे नेमकं सांगता येत नाही. "दोन-तीन वर्षं झाली असतील," असंच उत्तर येतं. जिना उतरताना, मांडी घालून बसल्यावर उठताना तो कळ काढतो आणि बसून राहिलं की शांत होतो. सकाळी आखडलेला असतो, पण चहा होईपर्यंत, फार तर अर्ध्या तासात मोकळा होतो. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर येणाऱ्या टणक गाठीही याच प्रकारातल्या. असा गुडघा डॉक्टरांना दाखवू नये असं नाही, पण तिथे घाई नसते. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं याचा त्याला चांगला उपयोग होतो.

हाच गुडघा एका दिवसात सुजला, हाताला गरम लागला आणि सोबत ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल, तर काही दिवसांतच कूर्चा कायमची खराब होते. दोन्ही हातांच्या बोटांची मुळं सुजताहेत आणि सकाळचा ताठरपणा तासाभराने, कधी दोन तासांनीही सुटत नाही, हेही झिजेचं लक्षण नाही. तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात.

बाईंनी सर्वांत जास्त वेळ पाठदुखीला दिला, आणि ते योग्यच होतं, कारण घरोघरी सर्वाधिक चूक तिथेच होते. त्यांनी नाव न सांगता एका आजींची हकीकत सांगितली. वय एकाहत्तर. न्हाणीघरातली अर्धी भरलेली बादली उचलली आणि पाठीत कळ आली. "उसण भरली," असं घरच्यांचं म्हणणं पडलं. तेल चोळलं, शेक दिला, मालिशवालीने पाठ दाबली. दुखणं वाढलं. आडवं पडलं की बरं वाटे, पण कूस बदलताना आणि उठून बसताना जीव जाई. तीन आठवड्यांनी त्या दवाखान्यात आल्या.

इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं ठरलं. आजींना दुखणं सुरू झाल्याचा दिवस सांगता येत होता, बादलीसुद्धा सांगता येत होती. डॉक्टरांनी कण्यावर बोटांनी हलकेच ठोकत खाली आणलं, तेव्हा फासळ्या संपतात त्याच्या आसपास एका जागी त्या कळवळल्या. उंची मोजली तर तरुणपणीपेक्षा पाच सेंटिमीटर कमी भरली. फळीवरचा डबा हाताला लागत नाही, हे आजींच्या लक्षात आलं होतं, पण म्हातारपणी माणूस आटतोच, असं त्यांनी धरून चाललं होतं. एक्स-रेमध्ये एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालेला दिसला. म्हणजे हाड मोडलं होतं. ठिसूळ हाडाला पडावं लागत नाही, बादलीही पुरते.

मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. दबलेल्या मणक्यामागे क्षय किंवा कर्करोग तर नाही ना, हे पाहायला हवं होतं. सुदैवाने तसं काही नव्हतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली आणि ठिसूळपणा नक्की झाला. मोडलेला मणका बहुधा दोन-तीन महिन्यांत दुखायचा थांबतो. खरी काळजी पुढची असते, कारण एक मणका दबलेल्या साधारण पाचांतल्या एका बाईचा वर्षभरात आणखी एक मणका दबतो. म्हणून आजींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वासोबत हाडं टिकवणारी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. मालिश बंद झाली.

पाठदुखीची दुसरी खूण उलटी आहे. पडून राहिलं तरी जी थांबत नाही, रात्री झोपेतून उठवते, सोबत संध्याकाळचा बारीक ताप असतो किंवा वजन उतरत असतं, त्या पाठदुखीला वय कारण नसतं. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही आढळतो आणि तो महिनोन्‌महिने कंबरदुखी म्हणून अंगावर काढला जातो. पूर्वी स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्यांनी तर नव्या पाठदुखीची वाट पाहतच बसू नये. आणि पाठ दुखत असताना बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायांतली ताकद गेली, तर तासाभराचाही उशीर न करता मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे मज्जातंतूंवर दाब आलेला असतो.

एवढं ऐकल्यावर एका काकांनी विचारलं, "म्हणजे बसल्यावर थांबतं ते दुखणं साधं, असंच ना?" बाईंनी ठामपणे नाही म्हटलं. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. चढ चढताना किंवा भराभर चालताना डावा खांदा, दंड किंवा जबडा भरून येतो आणि थांबल्यावर पाच मिनिटांत ओसरतो, तेव्हा तक्रार हृदयाची असू शकते. खांद्याचा सांधा धरला असेल, तर केस विंचरताना, सदरा चढवताना तो दुखतो, चालण्याशी त्याचा संबंध नसतो. चालल्यावर पोटरी आवळून येते आणि नुसतं उभं राहिल्याने मोकळी होते, तेव्हा पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. पुढे वाकून किंवा बसूनच बरं वाटत असेल, तर कण्यात नसांना जागा कमी पडत असण्याची शक्यता अधिक.

छातीतला दाब बसूनही ओसरला नाही, घाम फुटला, दम लागला, तर गॅस म्हणून ओवा खात बसू नये, 108 ला फोन करावा. जुना मधुमेह असलेल्यांना छातीत दुखेलच असं नाही. त्यांच्यात नुसता दम आणि घाम हीसुद्धा हृदयविकाराच्या झटक्याची खूण असू शकते.

शेवटी प्रश्न आला मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सलग घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते, रक्तदाब वाढतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना हा धोका अधिक. त्यातल्या त्यात पॅरासिटामॉल सुरक्षित, तेही ठरलेल्या मात्रेत आणि यकृत ठीक असेल तर. डॉक्टरकडे जाताना कोणती गोळी किती दिवस घेतली, हे सांगायला बाईंनी बजावलं. गोळीने ताप आणि ठणका दोन्ही दबतात, आणि मग तपासणाऱ्याला संसर्गाची खूणच दिसत नाही.