नाकाखालचा बाम

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील डॉक्टरांनी 2009 मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात दीड वर्षाच्या एका मुलीची हकीकत नोंदवली. सर्दी झाली म्हणून तिच्या नाकाखाली ‘विक्स व्हेपोरब’ लावले आणि तिला धाप लागली.

कारण शोधण्यासाठी त्यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या श्वासनलिकेवर प्रयोग केले. बामाने शेंबडासारखा चिकट स्राव वाढला आणि तो बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावली. मोठ्या माणसाला थोडा जास्त स्राव जाणवतही नाही. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मात्र इतकी अरुंद असते, की किंचित सूज किंवा चिकट थरानेही हवेची वाट अडते.

मग नाक मोकळे झाल्यासारखे का वाटते? मेन्थॉल थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. हवा जास्त येते असा भास होतो, नाक प्रत्यक्षात तेवढेच चोंदलेले असते. तान्ह्या बाळाच्या नाकाशी तीव्र मेन्थॉल आले, तर काही वेळा स्वरयंत्र आकसते किंवा श्वास क्षणभर थांबतो. निलगिरी तेलाची वाफही नाजूक श्वासमार्गाला झोंबते. कापूर त्वचेतून किंवा तोंडावाटे अंगात गेला, तर झटके येऊ शकतात.

म्हणूनच अशा बामाच्या डबीवर दोन वर्षांखालील मुलांना लावू नये, अशी सूचना असते. मोठ्या मुलांनाही नाकात किंवा नाकाखाली लावायचा नसतो.

बाम लावल्यावर बाळाच्या नाकपुड्या फुलू लागल्या, बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा ओठ निळसर झाले, तर तो पुसून मूल लगेच रुग्णालयात न्यावे. साध्या चोंदलेल्या नाकाला सलाइनचे थेंब पुरतात.