साडेपाच तासांचा घोळ

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स टाकलं, की बरेचदा घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं. बिघाड कशाचाच नसतो.

मदरबोर्डवर बटणसेलवर चालणारं छोटं घड्याळ असतं, संगणक बंद असतानाही चालू राहणारं. त्याला फक्त तारीख-वेळ कळते. ती भारताची की ग्रीनिचची, याची नोंद त्यात नसते. विंडोज तिला स्थानिक वेळ मानतं, तर लिनक्स सहसा जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी.

समजा, रात्रीचे ८ वाजलेत. लिनक्सने इंटरनेटवरून वेळ जुळवून त्या घड्याळात १४:३० लिहिले. मग विंडोज सुरू केलं, तर ते दुपारचे अडीच दाखवणार. उलट विंडोजने २०:०० लिहिले, तर लिनक्स साडेपाच तास मिळवून मध्यरात्रीनंतरचा दीड दाखवेल, तारीखही उद्याची! फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर सेल बदलू नका. सेल संपल्यावर वेळ अशी हिशेबात चुकत नाही.

सर्वांत सोपा उपाय लिनक्समध्ये:

```
timedatectl set-local-rtc 1
```

यावर लिनक्स स्वतःच नापसंतीची सूचना देतं. म्हणून माझं मत विंडोजला यूटीसी शिकवण्याचं. त्यासाठी रजिस्ट्रीत `RealTimeIsUniversal` ची किंमत १ करावी लागते. मात्र दोन्ही उपाय एकदम करू नका, घोळ उलटा होऊन परत येईल.