चोखंदळ ब्रोमीन

आयसोब्युटेनच्या रेणूत हायड्रोजनचे दहा अणू असतात. त्यातले नऊ टोकांच्या कार्बनवर, आणि एकटा मधल्या कार्बनवर. या वायूत क्लोरीन मिसळून प्रकाश पाडला, की सुमारे 64 टक्के रेणूंत क्लोरीन टोकाला बसतो, 36 टक्क्यांत मध्ये. ब्रोमीन घेऊन साधारण 127 अंशांवर तोच प्रयोग केला, तर 99 टक्क्यांहून अधिक ब्रोमीन मधल्या कार्बनवरच सापडतो. नऊ विरुद्ध एक असूनही!

दोन्हींत पहिलं काम एकच: सुटा हॅलोजन अणू हायड्रोजन खेचून घेतो. मधला बंध थोडा कमकुवत असतो, कारण तिथे उरणारा मूलक अधिक स्थिर असतो. पण या फरकाची दखल कोण घेतो?

क्लोरीन-हायड्रोजन बंध इतका मजबूत, की ही पायरी ऊर्जा बाहेर टाकते. अडथळा ठेंगणा असतो आणि कार्बनचा बंध जेमतेम ताणला जातो तोच तो पार होतो. मूलक तयारच झालेला नसतो, मग त्याच्या स्थैर्याला विचारतो कोण? हायड्रोजन-ब्रोमीन बंध मात्र दुबळा. इथे ऊर्जा घालावी लागते. अडथळ्याच्या माथ्यावर बंध जवळजवळ तुटलेला असतो, म्हणून मूलकाच्या स्थैर्यातला फरक अडथळ्याच्या उंचीत बराचसा उतरतो. जॉर्ज हॅमंड यांनी 1955 मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच.

एका हायड्रोजनमागे हिशेब केला तर क्लोरीन मधल्याला पाचपट पसंती देतो, ब्रोमीन सुमारे सोळाशेपट. अर्थात इथेनमध्ये सगळेच हायड्रोजन सारखे. तिथे या चोखंदळपणाचा उपयोग शून्य, आणि ब्रोमीनचा संथपणा तेवढा पदरी पडतो.