पंढरपूरची सायकल वारी आणि इन्सुलिन : साखर कधी आणि किती वेळा तपासायची?

आषाढी जवळ आली की आपल्याकडची तरुण पोरं सायकलवर पंढरपूरला निघतात. त्यात इन्सुलिन घेणारेही असतात. त्यांनी जाऊ नये असं काही नाही. पण साधा माणूस दमला की बसतो, इन्सुलिनवाल्याची साखर मात्र बसल्यावरही उतरत राहते. म्हणून साखर निघायच्या आधी, वाटेत आणि पोचल्यावर रात्रीसुद्धा तपासावी लागते.

आपल्या भागात बहुतेकांना सकाळ-संध्याकाळ दोन वेळा घ्यायचं ३०-७० चं मिक्स इन्सुलिन असतं. त्यातला ३० टक्के भाग लवकर काम करतो, नाश्त्यापुरता. उरलेला ७० टक्के भाग सावकाश चढतो, साधारण चार तासांनंतर त्याचा जोर येतो आणि बराच वेळ टिकतो. म्हणजे पहाटे पाचला इंजेक्शन घेतलं तर नऊ-दहापासून दुपारपर्यंत त्याचा जोर. नेमके तेव्हाच आपण रस्त्यावर पायडल मारत असतो. चालणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्यात इन्सुलिनचा जोर, दोन्ही एकदम लागतात. घेतलेलं इन्सुलिन परत काढता येत नाही, त्यामुळं हातात राहतं ते खाणं आणि तपासणं.

आमच्या ओळखीतल्या एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराची ८५ किलोमीटरची नोंद वही बघून देतो. शाळेत असल्यापासून त्याला इन्सुलिन आहे. जायच्या आठवडाभर आधी तो डॉक्टरांना भेटला, त्यांनी त्या दिवसाचा सकाळचा आणि संध्याकाळचा डोस कमी करून दिला. किती कमी ते इथं लिहीत नाही, कारण तो आकडा त्याचा आहे, तुमचा वेगळा निघेल. इंजेक्शन त्यानं मांडीला न घेता पोटाला घेतलं. पायडल मारणाऱ्या मांडीतून इन्सुलिन लवकर रक्तात उतरतं.

नाश्ता झाल्यावर सव्वासहाला साखर १६८. पावणेसातला पुन्हा तपासली, १५१. एकदाच तपासली असती तर दोन्ही आकडे चांगलेच वाटले असते. दोनदा तपासल्यावर कळलं की बसल्या जागी अर्ध्या तासात १७ नं उतरली. गाडीचा नुसता वेग न बघता चढ आहे की उतार आहे ते बघण्यासारखं हे आहे. त्यानं एक केळं खाल्लं आणि सातला निघाला.

निघताना साधारण १२५ ते १८० असली की बरं. ९० च्या खाली असेल तर आधी १५-२० ग्रॅम साखर पोटात जाऊ द्या, वर आल्याशिवाय सायकलवर बसू नका. २७० च्या वर असेल तर लघवीची कीटोन पट्टी मेडिकलमध्ये मिळते, ती लावून बघा. कीटोन दिसले तर त्या दिवशी सायकल नाही, डॉक्टरांना फोन. आणि आदल्या २४ तासांत साखर कमी होऊन कुणी दुसऱ्यानं सावरायची वेळ आली असेल, तर त्या दिवशी जाऊच नका. काही जण ‘आज एवढी मेहनत होणारच आहे, इन्सुलिन राहू द्या’ म्हणतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यानं तर हे मुळीच करू नये. इन्सुलिन नसलं की साखर स्नायूत जात नाही, रक्तातच चढते, कीटोन वाढतात, पोटात दुखून उलट्या सुरू होतात.

वाटेत दर अर्ध्या तासाला तपासायचं असं त्याचं ठरलेलं. साडेसातला १४६, आठला १२१. अर्ध्या तासात २५ नं उतरली, म्हणून टपरीवर साखरेचा चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं घेतली. साडेआठला १२८. लांबच्या सायकलिंगला तासाला ३० ते ६० ग्रॅम पिठूळ-गोड खाणं लागतं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम येतं.

साडेनऊला ११६, दहाला १०९. मग सोबतच्याची सायकल पंक्चर झाली. दुकान शोधण्यात साडेदहाचं तपासणं राहिलं, केळंही राहिलं. अकराला मशीन ६६ दाखवत होतं. घाम आलेला, हात थरथरत होते, पण उन्हात सायकल चालवणाऱ्या कुणाला घाम येत नाही? म्हणून लक्षणांवर विसंबून चालत नाही. त्यानं लगेच तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घेतली, म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम. सायकल बाजूला लावून पंधरा मिनिटं बसला. ७९. सत्तरच्या वर आली तरी पुढं रस्ता होता आणि इन्सुलिनचा जोर चालू होता, म्हणून आणखी तीन चमचे. साडेअकराला १०३. मग बिस्किटं खाऊन निघाला. अशा वेळी चिक्की किंवा चॉकलेट उपयोगाचं नाही, त्यातल्या तेल-तुपामुळं साखर उशिरा चढते.

तपासण्याआधी हात पाण्यानं धुऊन पुसा. केळ्याचा किंवा ग्लुकोजचा अंश बोटाला असेल तर ६६ च्या जागी १४० दिसेल आणि तुम्ही निवांत पुढं जाल. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या पिशवीत ठेवू नका. दंडाला सेन्सर लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की मेहनत चालू असताना सेन्सरचा आकडा रक्ताच्या मागं राहतो. अंगात काही वेगळं वाटलं तर बोट टोचूनच बघा.

सोबतच्या एकाला तरी सगळं ठाऊक हवं. माणूस बेशुद्ध झाला तर तोंडात साखर-पाणी घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

एकला तो पोचला तेव्हा १२४. इथं बरेच जण मशीन पिशवीत टाकतात. पण रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास, कधी २४ तासांपर्यंत, साखर ओढून भरून घेत असतात. त्यात संध्याकाळच्या मिक्स इन्सुलिनचा जोर मध्यरात्रीच येतो. त्यानं झोपताना बघितली, ११२. एरवी ठीक, पण त्या दिवशी दूध-बिस्किटं घेऊन झोपला. अडीचचा गजर लावलेला, तेव्हा ८१. पुन्हा खाल्लं, सकाळी १२६.

कबड्डीवाल्यांचं थोडं उलटं होतं. जोराच्या चढाया-पकडी आणि सामन्याचा ताण यांनी साखर उलट चढते, सामना संपल्यावर २४० सुद्धा दिसते. लगेच जादा इन्सुलिन टोचायची घाई करू नका, तासाभरानं पुन्हा तपासा, बऱ्याचदा आपोआप उतरते. रात्रीचं तपासणं मात्र त्यांनाही तसंच.

आणि एकादशीचा उपवास करायचा असेल तर सायकलच्या दिवशी तो धरू नका. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी धरायचा असला तरी डोस डॉक्टरांना विचारूनच, कारण आदल्या दिवशीच्या मेहनतीचा परिणाम तेव्हाही अंगात असतो.