'सिन्स फाइव्ह इयर्स' कुठे चुकतं?

नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य हमखास ऐकू येतं: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' सांगणाऱ्याच्या मनात असतं, 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय.' हे मराठी वाक्य बिनचूक आहे. इंग्रजीतल्या दोन्ही चुका मात्र त्यातूनच आल्या आहेत.

मराठीत 'करतोय' म्हटलं की भागतं, मागच्या पाच वर्षांचा भार 'पासून' उचलतो. इंग्रजीत तो क्रियापदालाच उचलावा लागतो, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग'. त्यातल्या 'हॅव बीन'मुळे काम मागून आजपर्यंत येऊन पोचतं आणि 'वर्किंग'मुळे ते चालू असल्याचं कळतं.

दुसरी चूक 'सिन्स'ची. आपण 'पाच वर्षांपासून' म्हणतो तसंच '2020पासून'ही म्हणतो. इंग्रजीत मात्र किती काळ हे 'फॉर' सांगतं आणि केव्हापासून हे 'सिन्स'. कॅलेंडरवर सुरुवातीच्या जागी बोट ठेवता आलं तर 'सिन्स': सोमवार, 2020, मी पुण्यात आले तो दिवस. पाच वर्षं मोजावी लागतात, म्हणून तिथे 'फॉर'. मुलाखतीतलं वाक्य असं हवं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.'

एवढं शिकल्यावर विद्यार्थी उत्साहाने म्हणतो, 'आय हॅव बीन नोइंग हिम फॉर टेन इयर्स.' काळ बरोबर, 'फॉर' बरोबर, तरी वाक्य चूकच. कारण 'नो' ही कृती नाही, स्थिती आहे. 'आयएनजी'चं रूप चालू असलेली घडामोड दाखवतं. काम, वाचन, स्वयंपाक यांना मधला टप्पा असतो, ते अर्ध्यावर थांबवता येतात. ओळख असते किंवा नसते. 'काय करतोयस?' याला 'मी त्याला ओळखण्याचं काम करतोय' असं उत्तर कोणी देत नाही. म्हणून 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'. 'ओन', 'बिलाँग', 'बिलीव्ह' ही क्रियापदं याच गटातली. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 मधल्या एका निबंधात क्रियापदांचे चार वर्ग केले. स्थितीचा वर्ग त्यांतलाच एक.

मराठी माणसाला हे अवघड जातं, कारण आपण 'मला आठवतंय', 'मला समजतंय' असं सहज म्हणतो आणि त्याच चालीवर 'आय ॲम रिमेंबरिंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' तोंडात येतं.

पण क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही, अर्थ पाहावा लागतो. 'हॅव' म्हणजे मालकी असेल तर 'आय हॅव हॅड धिस कार फॉर सिक्स इयर्स'. पण 'वी हॅव बीन हॅविंग लंच' चालतं, कारण जेवण ही कृती आहे. 'वाँट' तर स्थितीचं असूनही 'आय हॅव बीन वाँटिंग टू मीट यू' असं इंग्रज सहज बोलतात. इच्छा बरेच दिवस मनात घोळत होती, हे त्यातून सांगायचं असतं.

अडलात तर आधी विचारा: हे मी करतोय, की हे आहे? नुसतं 'आहे' असेल, तर 'आयएनजी' बहुधा गाळावं.