आहेर कापू नका

लग्नाचा पेन ड्राइव्ह घरच्यांच्या हातात दिला की शूटिंगवाल्याचा त्या व्हिडिओशी संबंध संपायचा. तो टीव्हीला लागला की कपाटात पडला, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आता बरेच जण यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ चढवून फक्त लिंक देतात. असा व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण लिंक हाती असलेला कोणीही तो पाहू शकतो. आणि चढवणाऱ्याला एक आलेख दिसतो: व्हिडिओचा कुठला भाग किती वेळा पाहिला गेला.

सातारा जिल्ह्यातल्या एका व्हिडिओग्राफरची ही गोष्ट. लग्न साधंच, हॉलमधलं. दोन तास दहा मिनिटांचा फुल व्हिडिओ. दोन महिन्यांत तीनशे व्ह्यूज झाले आणि त्याने सहज आलेख उघडला. त्याची अपेक्षा साहजिक होती. अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, ड्रोन वर जातो, तिथे उंचवटा असणार. त्या एका शॉटसाठी त्याने एक माणूस खास ठेवला होता. तिथे रेषा जराशी वर गेली होती, एवढंच.

खरी टेकडी पंगतीत होती. आसपासचा भाग जेमतेम 25 टक्क्यांवर होता, म्हणजे तीनशे व्ह्यूजमागे तो साधारण 75 वेळा चालला होता. पंगतीत मात्र रेषा 60 टक्क्यांवर, म्हणजे 180 वेळा. लोक तिथे थेट उडी मारून येत होते, मागे घेऊन पुन्हा लावत होते. पण नेमकं काय पाहायला? हे आकडे व्हिडिओचे शंभर समान भाग करून मिळतात. एवढ्या लांब व्हिडिओत एक भाग 78 सेकंदांचा होतो, म्हणून ती जागा स्वतः लावून पाहावी लागते.

त्याने लावली. नवरा-नवरीने घास भरवून नाव घेतलं, मग पोरींनी मुलीच्या वडिलांना घेरलं. ते उठले, हातात वाटी तशीच, आणि बायकोचं नाव घेऊन उखाणा म्हणाले. मागे सनई, वाढप्यांची आरडाओरड. शेवटचे शब्द ऐकूच येत नव्हते. त्यावर आई काहीतरी बोलल्या आणि सगळी पंगत हसली.

इथे घाई केली असती तर तो फसला असता. एखादी जागा लोक पुन्हा लावतात ती आवडली म्हणून, किंवा नीट ऐकू आली नाही म्हणूनही. आलेखात दोन्ही सारखेच दिसतात. नवरदेवाच्या शेरवानीला लावलेल्या लेपल माइकचा आवाज त्याच्याकडे वेगळा होता आणि नवरदेव शेजारीच बसला होता. तो आवाज त्या जागी बसवला. आईंचं वाक्य आता स्वच्छ ऐकू आलं: “तीस वर्षांनी सुचलं होय!” यूट्यूबवर त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही, त्यामुळे नवा व्हिडिओ चढवून नवी लिंक द्यावी लागली आणि व्ह्यूज शून्यापासून सुरू झाले. पुढच्या काही आठवड्यांत उखाण्याचा उंचवटा निम्म्यावर आला, पण आईंच्या वाक्याचा तसाच राहिला. पहिला होता न ऐकू आल्याचा, दुसरा जिव्हाळ्याचा.

मला त्याहून मोलाची वाटते ती आहेराची रेषा. स्टेजवरची ती लांबलचक रांग एडिटिंगमध्ये सगळ्यात आधी कापली जाते, कारण परक्याला त्यात काहीच नसतं. आलेखात तिथे टेकडी नव्हती, पण रेषा सपाटही नव्हती. करवतीच्या दात्यांसारखे बारीक उंचवटे शेवटपर्यंत होते. त्याने घरी विचारलं तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक घर येऊन आपलीच माणसं शोधत होतं: मावशी आपला नातू, तर गावाकडचे काका नमस्कार करतानाचे ते स्वतः. कोणाचाच भाग सगळ्यांचा आवडता नव्हता, म्हणून मोठा उंचवटा उठला नाही.

या आलेखाला मर्यादा आहेत. टीव्हीसमोर दहा जण बसले तरी व्ह्यू एकच. पेन ड्राइव्हवर पाहिलेलं मोजलंच जात नाही. व्ह्यूज फार कमी असले तर आलेख दिसतही नाही. कोणी पाहिलं, त्यांची नावं कळत नाहीत आणि ते योग्यच आहे, तरीही घरातली एक खाजगी गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसतेच. म्हणून लिंक देतानाच तो आता सांगतो की मला असा आलेख दिसतो, नको असेल तर फक्त पेन ड्राइव्ह घ्या. काही जण तसं घेतातही.

त्याच्या कामाची मांडणी मात्र बदलली आहे. ड्रोन मंगलाष्टकांपुरताच उडतो. ड्रोनवाला मुलगा नंतर छोटा रेकॉर्डर घेऊन पंगतीत जातो आणि तो विहीणबाईंच्या पानाजवळ ठेवतो. आहेर आता न कापता वेगळ्या लिंकवर जातो, आणि कुठलं घर कितव्या मिनिटाला आहे याची यादी तो खाली लिहून देतो.